एसटीपीच्या ब्लोअरचा आवाज : आधी एन्क्लोजर की आधी सायलेन्सर? – घोडबंदर रोड, ठाणे

पोडियम_बी

आमच्या सोसायटीचा एसटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट, पोडियमच्या खाली आहे. ब्लोअर रूमच्या बरोबर वर पहिल्या मजल्यावरचा एक फ्लॅट येतो आणि त्यांच्या बेडरूममध्ये रात्रभर घुमल्यासारखा आवाज येतो. टाकीतल्या पाण्यात हवा सोडणारे ट्विन लोब ब्लोअर दोन आहेत, एक चालू आणि एक स्टँडबाय, दर आठ तासांनी बदली होते. मोटर १० एचपी, बेल्ट ड्राइव्ह, हवा साधारण ताशी ४०० घनमीटर.

भाड्याने मीटर आणून मोजलं. ब्लोअरपासून एक मीटरवर ९४ डेसिबल ए, बेडरूममध्ये खिडक्या बंद करून ४७. रात्रीची मर्यादा ४५ आहे, म्हणजे दोनच डेसिबल जास्त. तरी त्या घरातल्या आजींना झोप लागत नाही, आणि मी स्वतः तिथे अर्धा तास बसलो तेव्हा त्यांचं म्हणणं पटलं.

वागळे इस्टेटमधल्या एका फॅब्रिकेटरने पूर्ण एन्क्लोजरचं कोटेशन दिलं आहे : २ मीटर लांब, दीड मीटर रुंद, १.८ मीटर उंच, १.६ मिमी पत्रा, आतून ५० मिमी रॉकवूल आणि जाळीचा पत्रा. "२५ डेसिबल कमी होईल" असं लिहून दिलंय. ड्रॉइंगमध्ये सक्शन फिल्टर बाहेर काढलाय, डिस्चार्जचा पाइप बाहेर आहेच, आणि दोन बाजूंना ४५० बाय ४५० च्या साध्या लूव्हर खिडक्या आहेत. समितीची बैठक रविवारी. हो म्हणावं का?

निळी_छत्री

एवढा खर्च कशाला? ब्लोअर रूमच्या भिंतींना आणि छताला चांगला ॲकॉस्टिक फोम लावून घ्या. रेकॉर्डिंग स्टुडिओत तेच असतं. आवाज फोममध्ये शोषला गेला की वर जाणारच नाही.

घनता

निळी_छत्री, फोमने खोलीतला प्रतिध्वनी कमी होतो, तेवढं बरोबर आहे. खोलीच्या आत उभं राहिलं तर तीन-चार डेसिबलचा फरक जाणवेलही. पण भिंतीतून किंवा स्लॅबमधून पलीकडे जाणारा आवाज फोम अडवत नाही, तो अडतो वजनाने. शिवाय खालच्या पट्टीतल्या, घुमणाऱ्या आवाजाला दोन इंची फोम जवळपास काहीच करत नाही. ब्लोअरचा मूळ सूर शंभर हर्ट्झच्या आसपास असतो आणि त्याची एक लाट साडेतीन मीटर लांबीची. तिला दोन इंचांत पकडता येत नाही.

पोडियम_बी, रविवारी हो म्हणू नका. कोटेशन खोटं आहे असं नाही, पॅनेल कदाचित २५ डेसिबल देईलही. प्रश्न असा आहे की तुमचा आवाज त्या पॅनेलमधून जाणारच नाहीये. आधी चार गोष्टी तपासा, सगळ्या मिळून दोन तासांचं काम आहे.

पहिली, डिस्चार्जचं प्रेशर गेज काय दाखवतंय आणि टाकीतल्या पाण्याची खोली किती. दुसरी, ब्लोअरच्या पुलीचा वेग टॅकोमीटरने मोजा. मोटरचा नको, ब्लोअरचा. तिसरी, फोनवर स्पेक्ट्रम दाखवणारं ॲप घ्या आणि ए वेटिंग बंद करून बेडरूममध्ये आणि ब्लोअर रूममध्ये शिखरं कुठे येतात ते बघा. फोनचा माइक डेसिबलला भरवशाचा नाही, पण हर्ट्झ तो नीट सांगतो. बेडरूममध्ये भाड्याच्या मीटरवर ए आणि सी दोन्ही वाचनं घ्या.

चौथी सगळ्यात महत्त्वाची. सक्शन फिल्टर काढा, तिथे चार इंची पीव्हीसी पाइपचा चार-पाच मीटर तुकडा जोडून तोंड खोलीच्या बाहेर, शाफ्टकडे न्या आणि फिल्टर त्या टोकाला लावा. फिल्टरशिवाय एक मिनिटही चालवू नका. मग त्याच जागी, एक मीटरवर, पुन्हा मोजा.

रबाळे_शेड

आमच्याकडे पण हाच त्रास आहे. रबाळेत प्रेस शॉप आहे, न्यूमॅटिक क्लचच्या प्रत्येक स्ट्रोकला एक्झॉस्टची फुस्स एवढी मोठी की ऑपरेटर कापूस घालून बसतो. व्हॉल्व्हच्या तोंडाला पितळी दाण्यांचे छोटे सायलेन्सर लावले तर प्रेसच मंद झाला. तुमच्या ब्लोअरवर सायलेन्सर लावला तर हवा कमी नाही का होणार?

स्पॅनर_२२

रबाळे_शेड, तुमचा आवाज वेगळा आहे. तुमच्याकडे दाबाची हवा एकदम मोकळी सुटते, तिची सळसळ वरच्या पट्टीतली. पितळी सायलेन्सर हवेतल्या तेलाने आणि पाण्याने बुजतो, मग सिलिंडरची हवा सुटायला वेळ लागतो. क्लच-ब्रेकवाल्या प्रेसला हे धोक्याचं आहे, ब्रेक उशिरा लागतो. तिथे पोर्टपेक्षा दोन साइझ मोठा, आरपार मोकळा सायलेन्सर लावा किंवा सगळ्या एक्झॉस्ट एका जाड होजने एकत्र करून शेडबाहेर न्या. एअर लाइनच्या ट्रॅपमधलं पाणी रोज सोडताय का तेही बघा.

ब्लोअरचा सायलेन्सर आतून मोकळाच असतो. योग्य मापाचा असेल तर हवेवर फरक पडत नाही.

पोडियम_बी, गेज नक्की बघा. साडेतीन मीटर पाणी असेल तर दर चौरस सेंटिमीटरला ०.३५ किलो आणि पाइपचे थोडे, म्हणजे ०.४ च्या आसपास यायला हवं. जास्त असेल तर टाकीच्या तळाशी हवा सोडणारे मेंब्रेन डिफ्युझर बुजलेत. ब्लोअर तेवढीच हवा जास्त दाबावर ढकलतो, आवाजही वाढतो आणि केसिंगही तापतं. आधी तो आजार काढा.

पोडियम_बी

सगळं केलं. आकडे :

पाणी ३.६ मीटर, गेज ०.५२. म्हणजे स्पॅनर_२२ यांचा अंदाज खरा. पुली १,४५० आरपीएम. ॲपमध्ये मोठं शिखर ९७ हर्ट्झला, त्याच्याहून लहान १९४ ला. दोन्ही खोल्यांत तेच. बेडरूममध्ये ए वर ४७, सी वर ६६.

पीव्हीसी पाइप लावल्यावर एक मीटरवरचा आकडा ९४ वरून ९० झाला. मला वाटलं होतं अर्धा तरी होईल. चारच डेसिबल म्हणजे सक्शनचा दोष फारसा नाही, असंच ना?

घनता

उलट आहे. सक्शनच सगळ्यात मोठा चोर आहे.

डेसिबल सरळ वजा होत नाहीत. ९४ वरून ९० म्हणजे ध्वनीची साठ टक्के शक्ती गेली. ती एकट्या सक्शनची होती, आणि एकट्याची मोजली तर ती ९२ भरते. उरलेल्या ९० मध्ये केसिंग आणि डिस्चार्ज पाइप आहेत. ते वेगळे करायचे असतील तर पाइपला तात्पुरती रॉकवूलची गादी आणि वरून जाड रबर शीट गुंडाळून पुन्हा मोजा. समजा ८८ आलं, तर पाइप ८६ च्या आसपास आणि केसिंग ८८.

आता फॅब्रिकेटरचा डबा या हिशेबात बसवून बघा. डब्यात फक्त केसिंग जातं. ते २० डेसिबलने उतरून ६८ झालं असं धरा. बाहेर सक्शन ९२, पाइप ८६, बेरीज ९३. म्हणजे सगळा खर्च करून ९४ चे ९३. तक्रार होती तिथेच राहणार, आणि समितीत "एन्क्लोजरचा उपयोग होत नाही" असं कायमचं ठरून जाणार.

दुसरं, त्या लूव्हर खिडक्या. डब्याचं पृष्ठफळ साधारण साडेपंधरा चौरस मीटर, दोन खिडक्यांचं मिळून ०.४. म्हणजे अडीच टक्क्यांपेक्षा थोडं जास्त उघडं. एवढ्या भोकातून जाणारा आवाज पूर्ण डब्याला १६ डेसिबलवर अडकवतो, मग पॅनेल पत्र्याचं असो की काँक्रीटचं. एक टक्का उघडं असेल तर २०, एक दशांश टक्का असेल तर ३०, यापुढे जाता येत नाही. दाराभोवती सगळीकडून पाच मिमी फट राहिली तरी २८ च्या आसपास अडकतो.

आता ९७ हर्ट्झ. ट्विन लोब ब्लोअर एका फेरीत हवेचे चार धक्के देतो. १,४५० ला ६० ने भागा, चारने गुणा, ९७ येतं. तुमच्या बेडरूममध्ये नेमका तोच सूर आहे, म्हणजे हा पंप, लिफ्ट किंवा ट्रान्सफॉर्मर नाही. ए आणि सी मधला १९ चा फरकही तेच सांगतो. ए वेटिंग शंभर हर्ट्झचा आवाज १९ डेसिबल कमी करून दाखवतं. मीटरवर ४७ दिसतं, पण आजींच्या उशीपाशी ६५ चा घुमारा आहे. आणखी एक, २००० च्या नियमातली रात्री १० ते सकाळी ६ ची ४५ ही मर्यादा निवासी भागातल्या बाहेरच्या आवाजाची आहे, बेडरूमच्या आतली नाही. त्यामुळे "दोनच जास्त" हा हिशेब दोन्ही बाजूंनी चुकतो.

निळी_छत्री

फोमचं मागे घेतो. पण मग डबा जाड करा ना. १.६ ऐवजी ३ मिमी पत्रा.

घनता

वजन दुप्पट केलं की सहा डेसिबल मिळतात, नियम बरोबर आहे. पण १.६ मिमी पत्रा हजार हर्ट्झला ३५ देतो आणि शंभर हर्ट्झला जेमतेम १५. ३ मिमी केला तर शंभरला २० होतील. खालच्या सुराशी डब्याने लढणं नेहमी महाग पडतं. तो सूर हवेच्या धक्क्यांतून जन्मतो, म्हणून तो नळीतच, सायलेन्सरने मारायचा. डब्याचं काम गिअरची किरकिर, बेल्ट आणि केसिंगची वरची पट्टी अडवणं.

सायलेन्सर म्हणजे पाइपच्या मध्ये एक फुगीर कोठी. ती किती मारणार हे दोन गोष्टींवर ठरतं, पाइपच्या मानाने कोठी किती जाड आणि लाटेच्या मानाने किती लांब. चार इंची पाइपला बारा इंची कोठी घेतली तर क्षेत्रफळ नऊ पट होतं आणि सगळ्यात चांगल्या लांबीला १३ डेसिबल मिळतात. सोळा इंची घेतली तर १८. चांगली लांबी म्हणजे लाटेचा चतुर्थांश. सक्शनची हवा तीस अंशांची धरली तर ९७ हर्ट्झला ९० सेंटिमीटर.

आता सापळा. हीच ९० सेंटिमीटरची कोठी १९४ हर्ट्झला काहीच मारत नाही. अक्षरशः शून्य, कारण तिथे ती अर्ध्या लाटेची होते. तुमचं दुसरं शिखर नेमकं १९४ ला आहे. बाजारात तयार मिळणारा एका कोठीचा सायलेन्सर लावला की पुष्कळदा असं होतं : घुमणं उतरतं आणि त्याच्या वरचा सूर नागडा ऐकू येतो.

उपाय दोन आहेत. एक, मागे ४५ सेंटिमीटरची दुसरी कोठी जोडा. दोन, जागा नसेल तर आत येणारा पाइप कोठीच्या मध्यापर्यंत, म्हणजे ४५ सेंटिमीटर आत घुसवून मोकळा सोडा. त्या घुसलेल्या पाइपभोवतीची जागा १९४ ला स्वतःच एक सापळा बनते आणि शून्य भरून निघतं. फॅब्रिकेटरला हे नीट काढून द्या. नाहीतर "पाइप उगाच आत कशाला" म्हणून तो कापून टाकेल.

डिस्चार्जला हेच, पण हवा ८० अंशांच्या आसपास असते, तिथे ध्वनी जोरात पळतो, म्हणून लांबी ९७ सेंटिमीटर घ्या. आत रॉकवूल भरू नका. धक्क्यांनी तंतू सुटतात आणि थेट डिफ्युझरमध्ये जाऊन बसतात. कोठी ब्लोअरच्या फ्लँजला जितकी जवळ लावता येईल तितकी लावा. मध्ये चार-पाच फूट पाइप राहिला तर तो उघडाच धडधडत राहतो.

स्पॅनर_२२

डिस्चार्जची कोठी दाबाखाली असते हे फॅब्रिकेटरला सांगा. चार मिमी प्लेट, पूर्ण वेल्डिंग, तळाला ड्रेन प्लग, आणि लावण्याआधी साबणाच्या पाण्याने टेस्ट. रिलीफ व्हॉल्व्ह कोठीच्या अलीकडे ब्लोअरच्या बाजूला राहू द्या आणि ब्लोअर व व्हॉल्व्ह यांच्या मध्ये काही बंद होणारं टाकू नका. सायलेन्सर बसवायच्या नादात व्हॉल्व्हची जागा बदललेली बघितली आहे, ते चालणार नाही.

पोडियम_बी

पाइप गुंडाळून मोजलं, ८८ आलं, घनता यांनी धरलं तेवढंच. डिफ्युझर काढून ॲसिड वॉश केले, गेज ०.५२ वरून ०.४३ वर आलं. खोलीतला आवाज एक-दीड डेसिबलने उतरला, केसिंगला हात लावल्यावर फरक लगेच कळतो. सक्शन सायलेन्सरची ऑर्डर दिली, एक कोठी, आत ४५ सेंटिमीटर पाइप.

पण एक कोडं आहे. पीव्हीसी पाइपच्या टेस्टच्या वेळी खोलीतला आवाज चार डेसिबल उतरला, बेडरूममधला ९७ चा आकडा मात्र हललाच नाही. सायलेन्सर लावूनही बेडरूममध्ये फरक पडणार नाही का?

घनता

म्हणजे बेडरूमपर्यंतची वाट हवेतून नाही, लोखंडातून आणि काँक्रीटमधून आहे. चांगलं मोजलंत, हे आधी कळलं ते बरं झालं.

डिस्चार्ज पाइप स्लॅबला कसा टांगलाय? ब्लोअर कशावर बसलाय? एक लांब स्क्रूड्रायव्हर घ्या, टोक स्लॅबच्या क्लॅम्पपाशी टेकवा, मूठ कानामागच्या हाडाला लावा. मग तेच पायाजवळच्या फरशीला आणि भिंतीला. फिरत्या पुलीपासून लांब राहून करा.

पोडियम_बी

पाइप ब्लोअरपासून थेट वर जातो आणि स्लॅबला पाच यू-क्लॅम्पनी घट्ट बांधलाय, मध्ये रबर नाही. तिसरा आणि चौथा क्लॅम्प बरोबर त्या बेडरूमच्या खाली येतात. स्क्रूड्रायव्हरने क्लॅम्पजवळ दातांत जाणवेल इतकं थरथरतं. ब्लोअरच्या फ्रेमखाली रबर पॅड आहेत, फरशीला फार काही नाही. रबर बेलोज आहे, पण पाइप वर वळल्यानंतर, दुसऱ्या क्लॅम्पच्या पुढे.

स्पॅनर_२२

बेलोज चुकीच्या जागी आहे. तो ब्लोअरच्या तोंडाशी हवा, पहिल्या क्लॅम्पच्या आधी. आता ब्लोअर रबरवर हलतो आणि पाइप त्याला स्लॅबशी बांधून ठेवतो, म्हणजे रबर पॅड असून नसल्यासारखे. पॅडचे बोल्टही बघा. बोल्ट करकचून आवळला आणि वॉशर थेट लोखंडावर बसला की पॅड बाजूला पडतो.

टेस्ट सोपी आहे. रात्री ब्लोअर बंद करा, खालून लाकडी टेकू देऊन पाइपचं वजन घ्या, पाचही क्लॅम्प सैल करा, दहा मिनिटं चालवा. टेकू फरशीवर घट्ट हवेत, पाइप नुसता अधांतरी सोडू नका.

घनता

त्या दहा मिनिटांत बेडरूममध्ये एकाच जागी मोजू नका. खोली बारा फुटी असेल तर तिची दुसरी अनुनाद वारंवारता ९५ च्या आसपास पडते, म्हणजे तुमच्या सुराला अगदी खेटून. भिंतीशी आणि खोलीच्या मध्यावर आवाज फुगतो आणि भिंतीपासून तीन फुटांवर जवळजवळ नाहीसा होतो. उशी भिंतीला लागून असेल तर आजी सगळ्यात वाईट जागी झोपतात. उशी, मध्य आणि तीन फूट अशा तिन्ही जागी आधी आणि नंतर मोजा. नाहीतर मीटर दोन पावलं सरकला म्हणून आठ डेसिबल कमी झाले असं वाटेल.

पोडियम_बी

खोली बारा फुटीच आहे आणि उशी भिंतीलाच. क्लॅम्प सैल करून मोजलं. उशीपाशी ९७ हर्ट्झ ६५ वरून ५७. मध्यावर ६४ वरून ५६. तीन फुटांवर आधीही ५६ होतं, आता ५१. घरच्यांना न सांगता केलं होतं, आजींनी आपणहून विचारलं, "मशीन बंद केलं का?"

आता कायमचं काय करायचं? रबरवाले हँगर की खालून स्टँड?

स्पॅनर_२२

जागा असेल तर खालून स्टँड. स्लॅबला हातच लावायचा नाही. स्टँडखाली रबर, पाइप आणि खोबणीच्या मध्येही रबर. हँगर घ्यायचेच असतील तर स्प्रिंगचे घ्या आणि बेडरूमखालचे दोन टाळा. भिंतीतून पाइप जातो तिथे सिमेंटने गच्च भरलेलं असतं, तेही फोडून भोवती रॉकवूल दाबा आणि तोंडाला लवचिक सीलंट लावा. ते विसरलात तर स्लॅबऐवजी भिंत घुमेल.

घनता

पॅडबद्दल थोडं. रबर पॅडवर वजन टाकल्यावर तो किती दबतो यावर सगळं ठरतं. १,४५० ला ब्लोअर सेकंदाला २४ वेळा फिरतो. त्यापासून नीट सुटका हवी तर बैठकीची स्वतःची वारंवारता आठ हर्ट्झच्या आसपास हवी, त्यासाठी पॅड चार मिमी दबला पाहिजे. बाजारातले कडक पॅड अर्धा-एक मिमी दबतात. तळघरात जमिनीवर हे चालून जातं. तुमच्या पोडियमखाली जमीन आहे की आणखी एक पार्किंग?

पोडियम_बी

जमीन आहे. पार्किंग बाजूला.

घनता

मग पॅड आहेत तेच राहू द्या, बोल्ट तेवढे तपासा.

पोडियम_बी

तीन आठवड्यांनी लिहितोय. स्टँड झाले, बेलोज ब्लोअरच्या तोंडाशी आणला, भिंतीतलं भोक मोकळं केलं. सक्शन सायलेन्सर लागला. घुमणं खूप उतरलं, पण खोलीत आता एक नवीन आवाज आहे, ताटावर चमचा घासल्यासारखा. सायलेन्सर लावल्यापासूनच. फॅब्रिकेटरने कोठी १.६ मिमी पत्र्याची केली आहे आणि तो म्हणतो सक्शनला दाब नसतो, जाड कशाला.

घनता

दाब नसतो हे खरं, पण पातळ कोठी स्वतः वाजते. ब्लोअर बंद असताना बोटाच्या पेराने कोठीच्या अंगावर आणि दोन्ही सपाट झाकणांवर ठोका. "टण्णऽऽ" असा लांबत गेला तर पत्र्यात डॅम्पिंग नाही. "ठप्" असा मेला तर ठीक. तसंच बेल्ट गार्डवर ठोकून बघा. बहुतेक गार्ड सायलेन्सरहून जास्त वाजेल.

पोडियम_बी

कोठीचं अंग थोडं वाजतं, झाकणं खूप. बेल्ट गार्ड घंटेसारखा.

घनता

मग हे डॅम्पिंगचं काम आहे. झाकणांवर आणि अंगावर तीन मिमी डांबरी डॅम्पिंग शीट चिकटवा, वरून एक मिमी पत्र्याचा तुकडा दाबून रिव्हेट करा. वरचा पत्रा असला की मधला थर ताणला जातो आणि थरथरीची ऊर्जा खरी खातो. नुसती शीट लावायची तर ती पत्र्याच्या दुप्पट जाड लागते. पूर्ण झाकायची गरज नाही, मधला साठ-सत्तर टक्के भाग पुरतो. पत्रा ग्रीस आणि गंजापासून साफ करूनच चिकटवा, नाहीतर एका पावसाळ्यात सुटून लोंबकळेल. बेल्ट गार्डलाही तेच, आणि त्याचे बोल्ट रबर वॉशरवर घ्या.

एक अपेक्षा ठेवू नका. डॅम्पिंगने ९७ चा सूर उतरणार नाही. जे अंग आपल्या स्वतःच्या सुरात वाजतं तेवढंच डॅम्पिंग गप्प करतं. धक्क्यांनी जबरदस्तीने हलणाऱ्या गोष्टीला ते काही करत नाही.

रबाळे_शेड

प्रेसच्या स्क्रॅपच्या पत्र्याच्या घसरगुंडीला हे चालेल का? तुकडे पडताना कान फाटतात.

घनता

तिथे तर नक्कीच, डॅम्पिंगचा सगळ्यात जास्त फायदा तिथेच. थर घसरगुंडीच्या खालच्या बाजूला लावा, आणि तुकडे ज्या उंचीवरून पडतात ती कमी करता आली तर आधी तेच करा.

पोडियम_बी

डॅम्पिंग केलं. चमच्याचा आवाज गेला. एक मीटरवर आता ८७. बेडरूममध्ये उशीपाशी ए वर ३७, ९७ हर्ट्झ ५४. डिस्चार्जची कोठी अजून यायची आहे. एन्क्लोजर आता करावं की नाही यावर समितीत दोन तट आहेत.

स्पॅनर_२२

करणार असाल तर उष्णता विसरू नका. मोटर, तापलेलं केसिंग आणि आतला पाइप मिळून दोन किलोवॉट तरी डब्यात सुटतात. आत आठ अंशांहून जास्त वाढ नको असेल तर ताशी आठशे घनमीटर हवा फिरवावी लागते. पंखा लावा, आणि तो बंद पडला तर ब्लोअर ट्रिप होईल असं वायरिंग करा. आत जाणारी आणि बाहेर येणारी हवा साध्या लूव्हरमधून नको, आतून अस्तर लावलेल्या दोन वळणांच्या बोळातून न्या. बेल्ट आणि तेलाची काच दिसायला दार मोठं ठेवा. दार छोटं असलं की ऑपरेटर ते काढून भिंतीला टेकवून ठेवतो आणि ते तसंच राहतं.

निळी_छत्री

त्यापेक्षा रात्री व्हीएफडीने वेग कमी केला तर? ४० हर्ट्झवर चालवा.

घनता

१,१६० आरपीएमला सूर ७७ वर येईल. सायलेन्सरचं फारसं बिघडणार नाही, ९० ची कोठी तिथेही जवळपास तेवढंच मारते. खोलीच्या ९५ पासूनही दूर जाईल, ते चांगलंच. पण स्लॅब ७७ ला कसा वागेल हे मोजल्याशिवाय सांगणार नाही. कधीकधी नवीन सूर नेमका स्लॅबच्या सुरावर जाऊन बसतो.

स्पॅनर_२२

माझा विरोध आहे. ब्लोअरमध्ये गिअरला तेल उडवून मिळतं, कमी वेगात ते पोचत नाही. तुमच्या मॉडेलचा किमान वेग कंपनीच्या कागदात बघितल्याशिवाय हात लावू नका. हवाही वीस टक्के कमी होईल, टाकीतला ऑक्सिजन लिटरला दोन मिलिग्रॅमखाली गेला तर आवाज गेला आणि वास आला अशी गत होईल.

घनता

ऑक्सिजनचा मुद्दा मान्य, पण रात्री दोन ते पाच टाकीत येणारं पाणीही कमी असतं. डीओ मीटर लावून तीन रात्री बघता येईल. तेलाबद्दल तुमचंच बरोबर, कागद आधी.

पोडियम_बी

कागदात किमान वेग लिहिलेला नाही, कंपनीला विचारलंय. डिस्चार्जची कोठी गुरुवारी येतेय. ती बसली की तिन्ही जागांचे आकडे इथे टाकतो, आणि त्यानंतरच एन्क्लोजरचा विषय बैठकीत घेऊ.